ग्लोव्हज बदलले तरी खाज तशीच: लॅटेक्स, नायट्राइल की विनाइल?

प्रश्न: मी घरून जेवणाचे डबे देते, शिवाय लोणची-मसाले करते. आधी लॅटेक्सचे ग्लोव्हज वापरायचे, मनगटाला आणि हाताच्या पाठीवर खाज, बारीक पुरळ यायला लागलं म्हणून निळे नायट्राइल घेतले, तरी तेच चालू आहे. मैत्रीण म्हणते विनाइल घे. मला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे का? आणि बागेत, बाथरूमच्या अ‍ॅसिडला एकच जोड चालतो की वेगळा घ्यायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून लॅटेक्सची खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मला कमी वाटते. ती असती तर नायट्राइल घातल्यावर त्रास थांबायला हवा होता, कारण नायट्राइलमध्ये झाडाचा चीक नसतोच, ते पूर्णपणे कारखान्यात बनवलेलं रबर आहे. दोन्ही घालून एकसारखाच त्रास होतोय म्हणजे दोन्हींत काहीतरी कॉमन आहे, आणि ते बहुतेक वेळा रबर घट्ट करायला घातलेलं केमिकल असतं, नाहीतर मग ग्लोव्हजच्या आत साठलेला घाम आणि साबण. मी कोकणातल्या लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो, ग्लोव्हज निवडणं आणि कोणाचे हात का फुटले हे फॅक्टरीच्या डॉक्टरांबरोबर बसून शोधणं हा रोजचा भाग आहे, आणि नायट्राइल घेतलं तरी खाज जात नाही ही तक्रार तिथे सारखी येते.

लोक ज्याला सरसकट ग्लोव्हजची अ‍ॅलर्जी म्हणतात त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या ओळखायला पहिलं काय बघायचं तर घड्याळ. ग्लोव्हज घातल्यावर पाच-दहा मिनिटांत, फार तर तासाभरात हाताला खाज सुटली, पित्ताच्या असतात तशा गांधी उठल्या, सोबत शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, छातीत घरघर असं काही झालं तर ती लॅटेक्समधल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकातली प्रथिनं शरीराला शत्रू वाटायला लागलेली असतात. तिघांत कमी लोकांना होते पण धोकादायक हीच, कारण ती वाढत जाऊन श्वास अडकण्यापर्यंत आणि बीपी एकदम पडण्यापर्यंत जाऊ शकते. दुसरा प्रकार उशिराचा, आज ग्लोव्हज घातले आणि पुरळ, बारीक पाण्याचे फोड, लाली उद्या किंवा परवा आली, चोवीस ते बहात्तर तासांनी, आणि ते लगेच जात नाही, आठवडाभर रेंगाळतं, त्वचा जाड होते, पापुद्रे निघतात. ही केमिकलची अ‍ॅलर्जी. उशिरा येते म्हणून माणसाला ग्लोव्हजवर संशयच येत नाही, आदल्या दिवशी भांडी घासताना लिक्विड बदललं होतं त्यालाच दोष देतो. आणि तिसरा प्रकार अ‍ॅलर्जीच नव्हे, नुसती चिडलेली त्वचा: दिवसभर पाण्यात हात, साबण, मग ओल्या हातावर ग्लोव्हज, आत घाम, तो सुकत नाही, त्वचा भिजून पांढरी पडते आणि मग कोरडी होऊन फाटते. यात खाजेपेक्षा आग आणि चरचर जास्त. सगळ्यात जास्त लोकांना हाच असतो आणि सगळ्यात जास्त पैसेही याच्याच नावाने वाया जातात, कारण ग्लोव्हज कितीही बदलले तरी ओले हात बदलत नाहीत.

तुमच्या केसमध्ये मला दुसरा प्रकार का वाटतो, तर जागेमुळे. हाताची पाठ आणि मनगट. तळव्याची कातडी जाड असते, तिच्यातून केमिकल सहज आत जात नाही, पाठीची पातळ असते, आणि मनगटाला ग्लोव्हजची कड घासते, घाम तिथे अडतो. म्हणून ग्लोव्हजमुळे येणारं पुरळ जिथे ग्लोव्हज संपतो तिथे रेघ मारल्यासारखं थांबतं. एकदा उजेडात हात धरून नीट बघा, मनगटावर अशी सीमा दिसतेय का. दिसली तर संशय पक्का. आणि याउलट, तुमच्या बोटांच्या टोकांना भेगा असतील, त्यातही डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट हीच तीन टोकं कोरडी पडून चिरत असतील, तर ग्लोव्हज सोडा, लसणावर संशय घ्या. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताच्या या तीन बोटांत लसणीची पाकळी, रोज किलोभर लसूण सोलणाऱ्या-चिरणाऱ्या माणसाला हा नकाशा ठरलेला असतो, डावखुऱ्याला तो उलट्या हातावर दिसतो. लसणातलं हे तेलकट गंधकाचं रसायन बऱ्याच ग्लोव्हजमधून आरपार जातं, त्यामुळे मी तर ग्लोव्हज घालून सोलते हे उत्तर तिथे पुरत नाही. डब्यांचा व्यवसाय आहे म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण हे नुसतं ग्लोव्हजकडे बघत बसलं की हमखास सुटतं.

आता ते कॉमन केमिकल काय ते सांगतो. चीक असो वा नायट्राइलचं पातळ द्रावण, हाताच्या आकाराचे साचे त्यात बुडवून काढतात, त्यावर थर बसतो, पण तो थर तसाच ठेवला तर चिकट आणि लिबलिबीत राहील, म्हणून गंधक आणि त्याचं काम भराभर करवणारी रसायनं घालून भट्टीत शिजवतात. या दुसऱ्या रसायनांना अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात, थायुराम, कार्बामेट, मर्कॅप्टो अशी त्यांची घराणी आहेत. शिजवून झाल्यावर ग्लोव्हज गरम पाण्यात धुतात, चांगली कंपनी नीट धुते, स्वस्तवाली उरकते, आणि उरलेलं रसायन घामाबरोबर हळूहळू तुमच्या कातडीत उतरतं. लॅटेक्सलाही तेच, नायट्राइलला बहुतेक वेळा तेच. म्हणून तुम्ही रंग बदलला, मटेरियल बदललं, पण ज्याचा त्रास होतोय ते मात्र नव्या पाकिटातूनही घरात आलंच.

विनाइल म्हणजे पीव्हीसी, ते रबरच नाही, त्याला असं शिजवावं लागत नाही, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर नसतात. म्हणजे मैत्रिणीचा सल्ला पुरळ थांबवण्यापुरता बरोबर निघू शकतो. पण पीव्हीसी मुळात कडक, पाइपासारखं, ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य भरपूर घालतात, आणि ते तेलात विरघळतं. तुम्ही लोणच्याला फोडणी घालून मसाला कालवणार, चिवडा मिसळणार, चकलीचं पीठ मोहन घालून मळणार, म्हणजे ते द्रव्य हळूहळू खाण्यात उतरणार. शिवाय विनाइल ताणलं जात नाही, हाताला सैल बसतं, बोटांच्या बेचक्यात पटकन फाटतं, आणि काम करताना बारीक भोकं पडण्याचं प्रमाण नायट्राइलपेक्षा बरंच जास्त. कोरड्या कामाला, पोळ्या डब्यात भरणं, सँडविच बांधणं, कोरडे पापड मोजणं, दोन-पाच मिनिटं घालून फेकायचं अशा कामाला विनाइल ठीक. तेलाला, ओल्याला, तासभर चालणाऱ्या कामाला नको.

मग करायचं काय. पहिले तीन आठवडे एक साधा प्रयोग करा. रबराचे सगळे ग्लोव्हज बंद, लॅटेक्स आणि नायट्राइल दोन्ही, भांड्यांचे पिवळेसुद्धा, ते बहुतेक लॅटेक्सच असतात. हाताने करायचं सुकं काम विनाइलमध्ये, आणि ओल्या कामाला जाड पीव्हीसीचे घरगुती ग्लोव्हज घ्या, आत पातळ सुती हातमोजे घालून, ते सुती मोजे ओले झाले की बदलायचे, पाच-सहा जोड ठेवा, धुऊन वाळवायचे. तेलाचं कालवणं तेवढ्यापुरतं लाकडी चमच्याने, उलथन्याने. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त ग्लोव्हज हातात ठेवू नका, काढून हात कोरडे होऊ द्या, रात्री झोपताना साधं व्हॅसलीन लावा. तीन आठवड्यांत मनगट साफ झालं आणि पुन्हा नायट्राइल घातल्यावर दोन दिवसांत परत आलं, तर केमिकलची अ‍ॅलर्जी जवळजवळ नक्की. काहीच फरक पडला नाही तर ग्लोव्हज निर्दोष, लसूण, कांदा, भांड्याचं लिक्विड, सुगंधी हँडवॉश यांच्याकडे बघा. मात्र हा पुन्हा घालून बघायचा प्रयोग फक्त उशिरा येणाऱ्या पुरळासाठी आहे. ज्याला मिनिटांत गांधी उठतात किंवा श्वासाचा कधी जरासाही त्रास झालाय त्याने घरी लॅटेक्स परत घालून बघायचा नाही, अजिबात नाही.

पक्कं कळायला स्किनच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्यांत वेगवेगळी रसायनं चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, पाठ भिजवायची नाही, मग पट्ट्या काढून बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी परत बघतात, कारण काही प्रतिक्रिया उशिराच फुलते. जाताना तुमचे वापरातले दोन्ही ग्लोव्हज आणि त्यांचा बॉक्स घेऊन जा, डॉक्टर त्याचा तुकडाही लावून बघू शकतात. मिनिटांत येणाऱ्या लॅटेक्स अ‍ॅलर्जीसाठी ही टेस्ट उपयोगाची नाही, तिला रक्ताची किंवा प्रिक टेस्ट वेगळी असते आणि प्रिक टेस्ट जिथे इमर्जन्सीची सोय आहे तिथेच करायची.

लॅटेक्सच्या धोक्याबद्दल थोडं जास्त लिहितो, तुम्हाला नसली तरी हाताखालच्या बायकांपैकी कोणाला असू शकते. काही खुणा ग्लोव्हजच्या बाहेर सापडतात. फुगा फुगवताना ओठ सुजणं, डेंटिस्टकडे जाऊन आल्यावर तोंडाभोवती खाज, कंडोमचा त्रास, आणि केळं, किवी, अ‍ॅव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडात, घशात खाज. फळांचं हे ऐकून लोक हसतात पण त्या फळांतली काही प्रथिनं रबराच्या चिकातल्या प्रथिनांसारखी दिसतात, शरीर फसतं. लहानपणापासून बरीच ऑपरेशनं झालेले, विशेषतः पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेली मुलं, आणि वर्षानुवर्षं लॅटेक्स घालणारे हॉस्पिटलचे लोक यांच्यात हे प्रमाण जास्त. यातल्या कोणालाही ऑपरेशनच्या आणि दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायला लावा.

पावडरवाले लॅटेक्स तर स्वयंपाकघरात आणूच नका. ती पावडर मक्याच्या स्टार्चची असते, स्वतः निरुपद्रवी, पण लॅटेक्सची प्रथिनं तिला चिकटतात आणि ग्लोव्हज खेचून काढला की ती हवेत उडते, म्हणजे ज्याने ग्लोव्हज घातलेच नाहीत त्यालाही दमा उठू शकतो. अमेरिकेत पावडरवाल्या मेडिकल ग्लोव्हजवर २०१७ पासून बंदी आहे, आपल्याकडे ते अजून सर्रास मिळतात. आणि बॉक्सवर हायपोअ‍ॅलर्जेनिक लिहिलं असेल तर त्याला भुलू नका, ते लिहिलेल्या ग्लोव्हजमध्येसुद्धा लॅटेक्स निघायचा म्हणून अमेरिकेत लॅटेक्सच्या ग्लोव्हजवर तो शब्द छापणं १९९८ पासून बंद झालं. रंगावरून तर काहीच ठरवू नका, निळा म्हणजे नायट्राइल असं नसतं, निळा लॅटेक्सही मिळतो, निळं विनाइलही. बॉक्सवर नॅचरल रबर लॅटेक्स हे शब्द आहेत का एवढं शोधा.

तुमच्या किचनसाठी कायमचं उत्तर म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर-फ्री नायट्राइल, पावडर-फ्री, फूड ग्रेड. बॉक्सवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, साध्या नायट्राइलपेक्षा महाग पडतं, मेडिकलच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, ऑनलाइन किंवा सर्जिकलच्या होलसेलवाल्याकडे मागवावं लागतं. पूर्ण शंभरचा बॉक्स घेण्याआधी जमलं तर दहा-वीस नग घेऊन आठवडाभर घालून बघा. हेच का, तर तेल. लॅटेक्स आणि तेलाचं पटत नाही, आणि हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जुन्या लॅटेक्स ग्लोव्हजचं एक बोट कापून वाटीत थोड्या रॉकेलमध्ये टाका, गॅसपासून लांब, शेजारी नायट्राइलचं एक बोट दुसऱ्या वाटीत. तासाभराने लॅटेक्सचं बोट फुगून मोठं, गिळगिळीत झालेलं दिसेल, चिमटीत धरून ओढलं तर तुटेल, नायट्राइलचं जवळपास होतं तसंच. खाण्याच्या तेलात हे इतक्या लवकर होत नाही पण दिशा तीच, ताण पडलेला पातळ लॅटेक्स तेलाने सैल आणि कमजोर होत जातो. हातावर आधी व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून वरून लॅटेक्स घातला तरी तेच, आतून खराब होतो.

मिरच्यांना म्हणूनच नायट्राइल. मिरचीचा जाळ तेलात विरघळणारा आहे, पाण्यात नाही, ठेचा करताना किंवा लोणच्याच्या मिरच्या भरताना तो लॅटेक्समधून हळूहळू आत येतो आणि मग संध्याकाळी डोळ्याला हात लागला की कळतं. ग्लोव्हज घालूनही हात पेटलेच तर आधी गोडं तेल चोळायचं, मग भांड्याचं लिक्विड, मग पाणी, नुसत्या पाण्याने ते पसरतं. सुरण, अळू यांना कुठलाही धड ग्लोव्हज चालतो, तिथे बारीक सुईसारखे स्फटिक टोचतात, मुरणारं काही नाही. मासे साफ करताना मात्र काटा पातळ ग्लोव्हजला जुमानत नाही, तिथे जाड घरगुतीच.

कोकणातल्या लोकांसाठी एक खास. ओले काजूगर काढताना बीच्या टरफलातलं तेल हाताला लागून जी कातडी जळते, काळी पडून सोलते, ते तेल अ‍ॅलर्जी करण्यात पक्कं तयार आहे, बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या डेखातल्या चिकाचं ते नातलगच. आमच्याकडे बायका हाताला खोबरेल नाहीतर राख लावून गर काढतात. आता हल्ली काहीजणी खोबरेलावर लॅटेक्सचे ग्लोव्हज चढवतात, म्हणजे आतून खोबरेल, बाहेरून काजूचं तेल, दोन्हीकडून लॅटेक्स खलास. तिथे कोरड्या हातावर नायट्राइल, एकावर एक दोन घाला, आणि वरचा चिकट-तपकिरी झाला की लगेच फेकून नवा, अर्ध्या तासापेक्षा जास्त ओढू नका, कारण ते तेल पातळ नायट्राइलमधूनही कायमचं थांबत नाही. फणस चिरतानाही तसंच, सुरीला तेल लावा, हातात नायट्राइल.

आणि गॅस. कुठलाही पातळ ग्लोव्हज घालून तव्याजवळ, फोडणीजवळ जाऊ नका, तो वितळून किंवा जळून कातडीला चिकटतो आणि भाजलेल्यावर चिकटलेलं प्लास्टिक काढणं हे भाजण्यापेक्षा वाईट. हे बोलायला नको इतकं उघड आहे, तरी लोक पोळ्या लाटता लाटता तसेच शेकायला जातात.

बागेचं वेगळं आहे. तिथे डिस्पोजेबलचा उपयोगच नाही, गुलाबाचा एक काटा आणि संपलं. सुती किंवा नायलॉनच्या विणलेल्या मोज्याला तळव्याकडून रबराचा थर दिलेले ग्लोव्हज हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, कुंड्या, माती, खुरपणी याला छान, पाठीकडून हवा लागते म्हणून घामही कमी. फक्त तो थर लॅटेक्सचा की नायट्राइलचा हे विचारून घ्या, सुरकुतलेला, खरखरीत थर बहुतेक लॅटेक्सचा असतो, गुळगुळीत किंवा फेसाळ काळा-राखाडी बहुतेक नायट्राइल, पण लेबल वाचल्याशिवाय खात्री धरू नका. बोगनवेल, गुलाब, निवडुंग छाटायला लांब बाहीचे चामड्याचे. गाजरगवत उपटताना हात झाकून भागत नाही, पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे गवत आता सगळीकडे आहे आणि त्याची अ‍ॅलर्जी हवेतल्या कणांनी पापण्या, मान, कोपराच्या खळग्यात उठते. ज्याला ती आहे त्याने ग्लोव्हज घालूनसुद्धा ते काम दुसऱ्यावर सोपवावं.

पण त्याच बागेत कीटकनाशक मारायचं असेल तर हे विणलेले मोजे सगळ्यात वाईट, चामड्याचेही. कापड औषध शोषून घेतं आणि ओल्या फडक्यासारखं तासन् तास हाताला लावून ठेवतं, त्यापेक्षा उघडे हात लगेच धुतलेले बरे. तिथे आत अस्तर नसलेले, कोपराच्या जवळ जाणारे जाड नायट्राइलचे ग्लोव्हज, आणि काढायच्या आधी हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवायचे. खाली वाकून झाडांच्या बुंध्याशी मारताय तर शर्टाची बाही ग्लोव्हजच्या वर, हात वर करून आंब्यावर मारताय तर ग्लोव्हज बाहीच्या वर, नाहीतर औषध ओघळून थेट आत. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते कुठल्या फॅक्टरीत नव्हते, शेतात होते. सगळ्यात घट्ट औषध हाताला लागतं ते बाटली उघडून पाण्यात मिसळताना, फवारताना नव्हे, आणि नेमकं तेव्हाच लोक ग्लोव्हज खिशात ठेवतात.

आता अ‍ॅसिड आणि बाकी केमिकल. इथे समजून घ्यायची गोष्ट ही की ग्लोव्हजला भोक नसलं तरी केमिकल आरपार जातं, रेणू रेणूने त्यात विरघळून पलीकडे निघतं, वरून ग्लोव्हज कोरडा ठणठणीत दिसतो. १९९६ साली अमेरिकेत डार्टमाउथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स ग्लोव्हजवर डायमिथाइल मर्क्युरीचे मोजके थेंब पडले, ग्लोव्हज शाबूत होता, नंतर तपासलं तेव्हा ते द्रव्य पंधरा सेकंदांत पार होतं असं दिसलं, आणि जून १९९७ मध्ये त्या पाऱ्याच्या विषबाधेने गेल्या. घरात असं भयंकर काही नसतं, पण नियम तोच: कुठला ग्लोव्हज चांगला हा प्रश्न अर्धवट आहे, कुठल्या केमिकलला आणि किती मिनिटं हे जोडलं तरच त्याला उत्तर आहे.

तुमच्या बाथरूमचं टॉयलेट क्लीनर म्हणजे साधारण दहा टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, हार्डवेअरमधून सुटं आणलेलं अ‍ॅसिड त्याच्या तिप्पट कडक असू शकतं, आणि नळी तुंबल्यावर टाकतात ती पावडर कॉस्टिक. या सगळ्यांना जाड घरगुती ग्लोव्हज, रबराचे असोत वा पीव्हीसीचे, चालतात, तुम्हाला अर्थात पीव्हीसीचेच. पातळ डिस्पोजेबल नकोत, त्यांना एक टवका लागला की संपलं. मनगटाकडची कड दोन बोटं बाहेर दुमडून ठेवा म्हणजे हात वर केल्यावर ओघळ त्या दुमडीत अडेल, कोपराकडे जाणार नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकावेळी नाही, तो क्लोरीन वायू कुठल्याच ग्लोव्हजला विचारत नाही.

थिनर, नेलपेंट रिमूव्हर ही वेगळीच जात. अ‍ॅसिटोनला नायट्राइल टिकत नाही, पातळ असेल तर एक-दोन मिनिटांत फुगून मऊ पडतं, लॅटेक्स थोडा वेळ तग धरतो. पेट्रोल, रॉकेल, ग्रीसला बरोबर उलटं, तिथे नायट्राइल चांगलं, लॅटेक्स बाद. रंगाच्या थिनरमध्ये दोन्ही प्रकारची सॉल्व्हंट मिसळलेली असतात म्हणून स्वस्तातलं काहीच जास्त वेळ चालत नाही, नायट्राइल घाला, शिंतोडा उडाला की काढा, हात धुवा, नवा घाला. विनाइल सॉल्व्हंटला वापरायचंच नाही, त्यातलं प्लास्टिसायझर धुऊन निघतं आणि ते कडक होऊन तडकतं.

केमिकलसाठी म्हणून घेताय तर बॉक्सवर आयएसओ ३७४ हा मानकाचा नंबर आणि काचेच्या चंबूचं चित्र बघा. चंबूजवळ टाइप ए, बी किंवा सी असतं. ए म्हणजे ठरवून दिलेल्या अठरा रसायनांपैकी किमान सहांना प्रत्येकी तीस मिनिटं थोपवलं, बी म्हणजे किमान तिघांना तीस मिनिटं, सी म्हणजे एकाला दहा मिनिटं. खाली जी इंग्रजी अक्षरं असतात ती कुठली रसायनं ते सांगतात, के म्हणजे चाळीस टक्के कॉस्टिक, एल म्हणजे कडक सल्फ्युरिक, बी अ‍ॅसिटोन, एफ टोल्युइन. त्या अठरांत आपलं टॉयलेटवालं हायड्रोक्लोरिक नाही, त्यामुळे ते बॉक्सवर सापडणार नाही, कंपनीच्या तक्त्यात बघावं लागतं. जाड ग्लोव्हज पुन्हा वापरण्याआधी कड गुंडाळत हवा आत कोंडून बादलीत दाबा, बुडबुडा आला तर फेका. ताठर झाला, चिकट झाला, रंग उडाला तरी फेका, भोक नसलं तरी.

आणि पॅच टेस्टमध्ये थायुराम किंवा मर्कॅप्टो पॉझिटिव्ह आलं तर फक्त ग्लोव्हज बदलून थांबू नका, तीच रसायनं रबरी चपलांच्या पट्ट्यांत, बुटांच्या आतल्या तळव्यात आणि कपड्यांच्या इलॅस्टिकमध्ये असतात, पायाच्या पाठीवर पट्टीच्या आकाराचे काळपट डाग किंवा कमरेला इलॅस्टिकच्या रेघेवर खाज कधीपासून आहे का हे डॉक्टरांना त्याच व्हिजिटला सांगा.